राखीव सिमचा हिशेब

महिन्याची 20 तारीख. कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या पुढच्या दोन खोल्यांत चालणारं कर सल्लागाराचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. पाच माणसं, पाच संगणक आणि घरगुती प्लॅनचं 100 एमबीपीएसचं फायबर. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीआर-3बीचा आज शेवटचा दिवस, आणि निम्म्या गिऱ्हाइकांनी आकडे आज सकाळीच पाठवलेत. 11 वाजून 40 मिनिटांनी कोपऱ्यावर रस्ता खणणाऱ्या जेसीबीच्या दातात केबल येते. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावरचा LOS हा दिवा लाल लुकलुकायला लागतो. केबलवाला फोनवर सांगतो, "संध्याकाळपर्यंत होऊन जाईल." विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क, थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज, आणि गिऱ्हाइकाची बोलणी वेगळी.

असं ऑफिस काल्पनिक असलं, तरी गल्लोगल्ली सापडेल. मोठ्या कंपन्या दुसरी लीज्ड लाइन घेतात. तिचा खर्च या ऑफिसला झेपणारा नाही. त्याच्या आवाक्यातला उपाय म्हणजे मोबाइलचं सिम: फायबर बंद पडलं की कुणी हात न लावता काम सिमवर जावं, फायबर आलं की परत यावं. बाजारात याला 'फेलओव्हर' म्हणतात आणि तीन-चार हजारांच्या राउटरच्या खोक्यावरही तो शब्द छापलेला असतो. मात्र यंत्र विकत आणणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. फायबर मेलंय हे राउटरने कशावरून ठरवायचं आणि सिमवर काय जाऊ द्यायचं नाही, हे ठरवणं अवघड.

सिमकडे वळण्याआधी विजेकडे बघायला हवं. 'नेट गेलं' अशी तक्रार येते, तेव्हा बऱ्याचदा नेट असतं, वीज नसते. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात, हे इथल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असतं. घरापर्यंत येणाऱ्या फायबरमधून नुसता प्रकाश जातो आणि वाटेत तो वाटून देणाऱ्या काचेच्या विभाजकाला वीज लागत नाही. त्यामुळे आपला फायबरचा डबा आणि राउटर जागे ठेवले, तर गल्लीतली वीज गेली तरी इंटरनेट चालू राहू शकतं. दोघांना मिळून साधारण 15 वॉट लागतात. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस त्यांना दीड-दोन तास ओढतो. घेताना प्रत्येक उपकरणाच्या अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचून घ्या, कारण काही सिमचे राउटर 9 व्होल्टवर चालतात. काही ठिकाणी मात्र केबलवाल्याचा स्वतःचा विजेवरचा स्विच शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर असतो. तिथली वीज गेली की आपला यूपीएस कितीही दमदार असो, लाइन बसते. वीज गेल्यावर डबा चालू असूनही नेट जात असेल, तर कारण बहुतेक हेच.

आता सिम. पहिला विचार हॉटस्पॉटचा येतो, आणि एकट्या माणसाला तो पुरतोही. पाच जणांच्या ऑफिसात त्याची अडचण अशी की फोन साहेबांचा आणि साहेब गिऱ्हाइकाकडे गेलेले. शिवाय प्रत्येक संगणकाचं वाय-फाय बदलायचं म्हणजे नेटवर्कवरचा प्रिंटर आणि कोपऱ्यातल्या संगणकावर ठेवलेली टॅलीची कंपनी, दोन्ही हातातून जातात, कारण ती जुन्याच वाय-फायवर राहिलेली असतात. म्हणून आतलं जाळं आहे तसं ठेवायचं आणि बाहेर जायचा रस्ता तेवढा बदलायचा. सगळे संगणक आणि प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले असतात. त्या राउटरला दोन तोंडं: एकात फायबरच्या डब्यातून आलेली लॅन केबल, दुसरं म्हणजे त्याच्याच पोटातलं सिम किंवा यूएसबीला लावलेला डोंगल. जुना अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगवर लावूनही भागतं, पण महिनोन्महिने चार्जिंगवर राहिलेल्या फोनची बॅटरी फुगते. मी तरी तो मार्ग आठवड्यापुरताच धरेन.

केबल तुटली तेव्हा या राउटरला काय दिसलं? काहीच नाही. LOS चा लाल दिवा फायबरच्या डब्यावर आहे. डबा आणि राउटर यांच्यामधली दीड फुटाची लॅन केबल शाबूत आहे, डबा चालू आहे, त्यामुळे राउटरच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. स्वस्तातले काही राउटर केवळ ही केबल निघाली तरच सिमवर जातात. दुकानदार केबल उपटून दाखवतो, राउटर लगेच सिमवर जातो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी येतं. जेसीबी मात्र दीड फुटाच्या त्या केबलवर चालत नाही.

म्हणून राउटरने लांबच्या कुणाला तरी सतत हाक मारून बघायला हवी. सेटिंगमध्ये हे बहुधा Online Detection, Ping Check अशा नावाने असतं. राउटर दर पाच सेकंदांनी एखाद्या पत्त्याला 'पिंग' पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. पत्ता कुठला द्यायचा यावर सगळं अवलंबून. अनेक राउटर आपणहून कंपनीच्या गेटवेचा पत्ता घेतात. तो गेटवे शहरातच असतो. बिघाड त्याच्या पलीकडे झाला तर गेटवे इमानदारीत उत्तर देत राहतो आणि राउटर फायबरलाच चिकटून बसतो. त्याऐवजी दोन वेगळ्या संस्थांचे लांबचे पत्ते द्यावेत, उदाहरणार्थ गूगलचा 8.8.8.8 आणि क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.1, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं धरायला सांगावं. एकच पत्ता दिला तर त्या संस्थेकडच्या अडचणीसाठी आपलं सिम खर्ची पडायचं.

इथे एक सापळा आहे, आणि चांगले जाणकारही त्यात अडकतात. फायबर परत आलं का हे कळायला फायबरवरूनच विचारायला हवं. त्यामुळे बरेच राउटर तपासणीच्या पत्त्याकडे जाणारी वाट कायमची फायबरशी बांधून टाकतात. आता ऑफिसातल्या संगणकांना डीएनएस म्हणूनही 8.8.8.8 च दिलेला असेल, तर गंमत बघा. केबल तुटते, राउटर नीट सिमवर जातो, सिमला नेट असतं. पण संगणक वेबसाइटचं नाव शोधायला 8.8.8.8 ला विचारतात आणि ती वाट अजून तुटलेल्या फायबरकडेच जाते. व्हॉट्सअॅपचं आधीपासून उघडं पान कदाचित चालतं, नवीन काहीच उघडत नाही, आणि दोष सिमला जातो. उपाय सोपा आहे. तपासणीचे पत्ते आणि डीएनएसचे पत्ते वेगवेगळे ठेवायचे. डीएनएस ब्रॉडबँड कंपनीचाही नको, कारण बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस बाहेरच्या जाळ्यातून आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. 9.9.9.9 हा क्वाड-नाइनचा सार्वजनिक पत्ता यासाठी चालतो.

किती वेळ थांबून रस्ता बदलायचा? पाच-पाच सेकंदांच्या चार हाका फुकट गेल्या की, म्हणजे वीस सेकंदांत, बदलायला हरकत नाही. याहून उतावीळपणा केला तर क्षणभराच्या अडखळण्यालाही राउटर उडी मारतो. परतीच्या वाटेवर मात्र मुद्दाम आळशी असावं. तुटलेली फायबर जोडताना केबलवाला दोन-तीनदा लावून-काढून बघतो, त्यामुळे लाइन येते, जाते, पुन्हा येते. राउटर प्रत्येक वेळी मागे धावला तर ऑफिसचं नेट दर मिनिटाला तुटेल. तीन ते पाच मिनिटं सलग उत्तरं आली, तरच परत फिर, असं सांगून ठेवावं.

आणि सेटिंगच्या त्याच पानावर Load Balance असं काही दिसलं, तर ते बंद आहे याची खात्री करा. दोन तोंडांच्या कित्येक राउटरमध्ये ते आधीच चालू असतं. नाव मोहक आहे, पण त्यात दोन्ही लाइन एकाच वेळी वापरल्या जातात. फायबर ठणठणीत असतानाही निम्मं काम सिमवरून जातं, दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो, आणि बँकेची साइट 'सत्र संपले' म्हणून बाहेर काढते, कारण तिला एकाच माणसाच्या विनंत्या दोन वेगळ्या पत्त्यांवरून येताना दिसतात. आपल्याला हवी ती सोय Failover किंवा Link Backup या नावाखाली सापडेल.

आता हिशेब. त्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे: 1 एमबीपीएसचा प्रवाह तासभर चालला की 450 एमबी जातात. व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना साधारण 1 एमबीपीएस धरला, तर तासाला 900 एमबी. कॅमेरा बंद करून नुसतं बोललं, तर 100 एमबीच्या आतच. सीसीटीव्हीचे चार कॅमेरे प्रत्येकी 1 एमबीपीएसने क्लाउडवर चित्र पाठवत असतील, तर तासाला 1.8 जीबी, कुणी बघत नसलं तरी. चित्रण ऑफिसातल्या डीव्हीआरमध्येच साठत असेल, तर बाहेरून कुणी उघडेपर्यंत हा खर्च शून्य.

आपल्या ऑफिसचं बघू. राउटरच्या नोंदीवरून एरवी तासाला सगळं मिळून दीड जीबी जातं असं धरा. त्यात गूगल ड्राइव्हचं सिंक आहे, विंडोजचं अपडेट आहे, एखादा व्हिडिओ कॉल आहे आणि कर्मचाऱ्यांच्या फोनवरचे रील्सही आहेत, कारण फोन वाय-फायलाच जोडलेले. सिमवर रोज 2 जीबीचा प्लॅन आहे. 11 वाजून 40 मिनिटांनी काम सिमवर गेलं आणि काहीच आवरलं नाही, तर एकच्या सुमारास 2 जीबी संपले. पुढे वेग 64 केबीपीएस. या वेगाने 1 एमबी यायला दोन मिनिटांच्या वर लागतात. जीएसटीचं पोर्टल शेवटच्या तारखेला एरवीही रडतखडत चालतं. या वेगावर लॉगिनचं पान पुरतं उघडायच्या आत वेळ संपल्याचा संदेश येतो. म्हणजे नेट 'आहे' आणि काम बंद आहे, ही सगळ्यात वाईट अवस्था.

तेच ऑफिस, तीच वेळ, पण फक्त कामाचं जाऊ दिलं तर? पोर्टल, मेल आणि व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या पीडीएफ यांना माणशी तासाला 40 एमबी धरू. पाच जणांचे 200, सव्वासात तासांचे साधारण दीड जीबी. गिऱ्हाइकाशी ठरलेला एक तासाचा कॉल कॅमेरा बंद ठेवून केला तर आणखी 100 एमबी. संध्याकाळी सातला 2 जीबीतले थोडे शिल्लकच राहतात.

हे आवरणं माणसांवर सोपवू नये, कारण फेलओव्हर नीट झाला तर कुणाला पत्ताच लागत नाही की आपण सिमवर आहोत. विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' नावाची सोय आहे, ती चालू असली की अपडेट आणि सिंक हात आखडता घेतात. पण ती त्या-त्या वाय-फायच्या किंवा केबलच्या जोडणीला लागते, आणि आपल्या संगणकाच्या दृष्टीने जोडणी बदललेलीच नाही; बदल राउटरच्या पलीकडे झालाय. म्हणून लगाम राउटरमध्येच हवा. कर्मचाऱ्यांचे फोन वेगळ्या 'गेस्ट' वाय-फायवर घ्यावेत आणि त्या वाय-फायला फक्त फायबरचा रस्ता द्यावा. फायबर गेलं की फोनचं नेट गेलं. ज्याला रील्स बघायचेत तो स्वतःच्या सिमवर बघेल. डीव्हीआरलाही तोच नियम. ड्राइव्हचं सिंक आणि बॅकअप रात्री नऊनंतर ठेवावा. राउटरमध्ये असे वेगवेगळे नियम लावायची सोय नसेल, तर निदान सिमवर जाताच मोबाइलवर किंवा मेलवर सूचना येईल एवढं तरी बघावं, म्हणजे कुणीतरी उठून फोनचं वाय-फाय बंद करील.

रोजच्या मापाचे प्लॅन राखीव सिमला मुळात बसत नाहीत. आपल्याला महिन्यात सव्वीस दिवस काहीच नको असतं आणि एखाद्या दिवशी 5 जीबी हवे असतात. नळाचं पाणी पिंपात भरून ठेवता येतं, रोजचे 2 जीबी रात्री बारा वाजता वाहून जातात. म्हणून महिनाभरासाठी एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन शोधावा, किंवा न वापरलेला डेटा पुढच्या महिन्यात नेऊ देणारा पोस्टपेड. रोजच्या मापाचाच घेतला असेल, तर डेटाचं जादा व्हाउचर कुठल्या अॅपमधून, कोण टाकणार हे आधी ठरलेलं हवं. सिम राउटरच्या पोटात असलं, तरी रिचार्ज कुठल्याही फोनवरून होतो. '5जीवर अमर्याद' ही जाहिरात वाचताना आपला राउटर 5जी आहे का ते बघा. 4जीवर चालणारा डेटा रोजच्या मापातूनच कापला जातो.

सिम कुठल्या कंपनीचं? ब्रॉडबँड ज्या कंपनीचं, तिचं नको. एकाच कंपनीचं फायबर घरात येतं आणि जवळच्या टॉवरकडेही जातं; एकाच खड्ड्यात दोन्ही गेले तर राखीव म्हणून काही उरतच नाही. वेगळी कंपनी घेतली तरी एकाच चरातून दोघांच्या केबल जाण्याची शक्यता राहते, पण ती कमी. दुसरी गोष्ट सिग्नलची. राउटरच्या पानावर RSRP नावाचा ऋण आकडा दिसतो. उणे 80 ते 95 म्हणजे काम होईल. उणे 110 च्या पलीकडे गेलात, तर पाच जणांना पुरणार नाही. लोखंडी कपाटामागून राउटर खिडकीशी आणला, तरी हा आकडा दहा-बाराने सुधारलेला मी पाहिलाय. आणि तपासणी कामाच्या वेळात करा. रविवारी सकाळी मिळणारा वेग सोमवारी दुपारी मिळत नाही, कारण टॉवर तोच, माणसं वाढलेली.

राखीव सिम हळूहळू मरतं, ही त्याची खोड. प्लॅनची मुदत संपते, तसा एसएमएसही येतो, पण तो राउटरच्या पोटात जातो आणि कुणी वाचत नाही. रिचार्ज न केलेलं, वापर नसलेलं प्रीपेड सिम 90 दिवसांनंतर बंद करायची मुभा ट्रायच्या नियमांत कंपनीला आहे. म्हणून राउटरला फायबरसोबत सिमचीही तपासणी करत राहायला सांगावं. दर पाच सेकंदांची पिंग दिवसाला जेमतेम 3 एमबी खाते, एवढी चैन परवडते. सिम मेलं तर ते आज कळेल, 20 तारखेला नाही.

सगळं नीट लावलं तरी काही गोष्टी तुटणारच. रस्ता बदलला की जगाला दिसणारा आपला पत्ता बदलतो. चालू डाउनलोड थांबतं, व्हिडिओ कॉल काही सेकंद गोठून बहुधा स्वतःच परत जोडला जातो, बँकेत पुन्हा लॉगिन करावं लागतं. विवरणपत्र 'सबमिट' करतानाच बदल झाला, तर पुन्हा बटण दाबण्याआधी ते गेलंय का ते बघावं. बाहेरून आत यायचा रस्ता तर सिमवर बहुधा बंदच असतो, कारण मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. घरून ऑफिसातली टॅली उघडायला फायबरवर स्थिर आयपी विकत घेतला असेल, तर सिमवर तो मिळत नाही. त्या कामासाठी आतून बाहेर जोडणी करणारं एनीडेस्कसारखं साधन हाताशी असावं. एखाद्या गिऱ्हाइकाच्या सर्व्हरने तुमचा स्थिर आयपीच ओळखीचा मानला असेल, तर त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाचं काम थांबेल, त्याला इलाज नाही.

चाचणी घ्यायची तर दुकानदारासारखी राउटरची केबल उपटून नाही. फायबरची हिरवी पिनही काढू नका, तिच्या टोकावर धूळ बसली की नवीनच दुखणं. काही शे रुपयांचा साधा लॅन स्विच फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामध्ये लावा आणि केबल स्विचच्या डब्याकडच्या बाजूने काढा. राउटरच्या तोंडाशी दिवा तसाच पेटलेला राहतो आणि इंटरनेट मात्र गेलेलं असतं. जेसीबीने जे केलं तेच झालं. त्याआधी एका संगणकावर काळी खिडकी उघडून हे चालू ठेवा:

```
ping -t 9.9.9.9
```

तपासणीला दिलेले पत्ते इथे वापरू नका, ते बांधलेल्या वाटेवरचे असतात. उत्तरं थांबतील आणि वीस-पंचवीस सेकंदांनी पुन्हा सुरू होतील. मिनिटभरात आली नाहीत, तर राउटर दीड फुटाच्या केबलकडेच बघतोय. आली, पण वेबसाइट उघडत नाहीत, तर डीएनएस बघा. वेबसाइटही उघडल्या, तर गेस्ट वाय-फायवरच्या फोनला नेट मिळत नाही ना, ते बघा. मग केबल परत लावून पाच मिनिटं थांबा, कारण परतीचा प्रवासही तपासायचाय. राउटर सिमवरच अडकून राहिला, तर तीन दिवसांनी डेटा संपल्यावर कळतं. महिन्यातून एकदा एवढं करायला पंधरा मिनिटं आणि शे-दोनशे एमबी लागतात. 11 आणि 20 या तारखा टाळून, महिनाअखेरीच्या एखाद्या निवांत दुपारी ही चाचणी उरकावी.